एक चूक, एकदाच दंड : कॉस्टिंगच्या गणिताची उत्तरसूची कशी बांधावी

गेल्या वेळी प्रश्न विचारण्याच्या पद्धतीवर बोलणं झालं. शेवटी एका श्रोत्यांनी विचारलं होतं, की निबंधाच्या प्रश्नात परीक्षकाची मर्जी चालते हे समजतं, पण आकड्यांच्या प्रश्नात उत्तर एक तर बरोबर किंवा चूक, तिथे मतभेदाला जागा कुठे? आज आपण नेमकी ती जागा बघणार आहोत.

आमचं शिक्षण तत्त्वज्ञानातलं. पण महाविद्यालयाच्या परीक्षा समितीवर बरीच वर्षं बसावं लागलं आणि वाणिज्य शाखेच्या गुणांच्या तक्रारी आमच्यापुढे यायच्या. त्यातली एक उत्तरपत्रिका आम्ही विसरलेलो नाही. कॉस्टिंगचं दहा गुणांचं एक गणित. पहिल्या परीक्षकांनी ३ दिले, फेरतपासणीत दुसऱ्यांनी ९ दिले. दोघंही अनुभवी आणि प्रामाणिक होते, आणि मॉडेल आन्सर दोघांकडे एकच होतं. विषय समजून घ्यायला आम्ही कॉस्टिंग शिकवणाऱ्या सहकाऱ्यांच्या टेबलाशी जाऊन बसलो, तेव्हा कळलं की मॉडेल आन्सर ही उत्तरसूची नसते. मॉडेल आन्सर फक्त बरोबर उत्तर दाखवतं. चुकलेल्या उत्तराचं काय करायचं हे त्यात कुठेच नसतं, आणि तपासणाऱ्याच्या हातात येणाऱ्या बहुतेक उत्तरपत्रिका कुठे ना कुठे चुकलेल्याच असतात.

आता एक गणित घेऊ. प्रोसेस कॉस्टिंगचं आहे. आकडे आम्ही आजच्यासाठी बसवले आहेत, पण घाट तोच, त्या उत्तरपत्रिकेतला.

एका प्रक्रियेत १,००० किलो कच्चा माल घातला, दर किलोला ४० रुपये. मजुरी १६,००० रुपये. उपरिखर्च, म्हणजे ओव्हरहेड्स, मजुरीच्या ७५ टक्के. घातलेल्या मालाच्या १० टक्के नॉर्मल लॉस धरायचा. वाया गेलेला माल भंगारात किलोला ५ रुपयांनी विकला जातो. प्रत्यक्ष उत्पादन ८६० किलो. प्रोसेस अकाउंट आणि ॲबनॉर्मल लॉस अकाउंट तयार करा. गुण १०.

ज्यांचा हा विषय नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. काही माल वाया जाणारच, हे कारखान्याला आधीपासून माहीत असतं. कापड कापताना चिंध्या पडतात, तेल आटवताना वाफ होते, तसंच. हा झाला नॉर्मल लॉस. त्याचा खर्च चांगल्या मालानेच सोसायचा असतो, कारण तो नुकसान सोसल्याशिवाय चांगला माल निघतच नाही. त्याउपर जे वाया जातं तो ॲबनॉर्मल लॉस. तो कुणाच्या तरी हलगर्जीपणामुळे किंवा यंत्र बिघडल्यामुळे होतो, म्हणून त्याचा भार चांगल्या मालावर टाकायचा नाही. त्याची किंमत चांगल्या मालाइतकीच धरायची आणि ती वेगळी काढून नफा-तोट्याला न्यायची. या गणितातलं सगळं शहाणपण या एका फरकात आहे. हे लक्षात ठेवा, कारण गुण कुठे ठेवायचे ते यावरूनच ठरणार आहे.

बरोबर उत्तर असं येतं. माल ४०,०००, मजुरी १६,०००, ओव्हरहेड्स १२,०००, एकूण ६८,०००. नॉर्मल लॉस १०० किलो, भंगाराचे ५०० रुपये. ६८,००० मधून ५०० वजा केले की राहतात ६७,५००. याला १,००० उणे १००, म्हणजे ९०० किलोने भागायचं. दर आला किलोला ७५ रुपये. अपेक्षित उत्पादन ९०० आणि प्रत्यक्ष ८६०, म्हणजे ॲबनॉर्मल लॉस ४० किलो. त्याची किंमत ३,०००. चांगला माल ८६० गुणिले ७५, म्हणजे ६४,५००. बेरीज करून पाहा : ५०० अधिक ३,००० अधिक ६४,५००, बरोबर ६८,०००. ॲबनॉर्मल लॉस अकाउंटमध्ये ३,००० डेबिट. त्या ४० किलोच्या भंगाराचे २०० आले, उरलेले २,८०० कॉस्टिंग नफा-तोटा खात्याला.

आता ती ३ आणि ९ वाली उत्तरपत्रिका. मुलाने बाजूला केलेल्या हिशेबात ओव्हरहेड्स १२,००० बरोबर काढले होते. खात्यात उतरवताना शून्याला शेपूट लागलं आणि १२,९०० झाले. मराठी आकड्यांत घाईत असं होतं. त्यामुळे एकूण ६८,९०० झाले. त्यातून ५०० वजा करून ९०० ने भागल्यावर दर आला ७६. ॲबनॉर्मल लॉस ३,०४०, चांगला माल ६५,३६०, नफा-तोट्याला २,८४०. पहिल्या परीक्षकांनी मॉडेल आन्सर शेजारी ठेवलं. एकूण चूक, दर चूक, लॉसची किंमत चूक, मालाची किंमत चूक, शेवटचा आकडाही चूक. लाल रेघ मारत ते खाली गेले. दुसऱ्यांनी पाहिलं की चूक एकच आहे आणि पुढचं सगळं त्या चुकीपासून अगदी नेमकं निघालेलं आहे.

तर्कशास्त्राच्या वर्गात आम्ही पहिल्याच महिन्यात एक गोष्ट शिकवायचो. आधारविधान खोटं असलं तरी त्यापासून काढलेला निष्कर्ष वैध असू शकतो. सगळे मासे उडतात, रोहू मासा आहे, म्हणून रोहू उडतो. विधान खोटं आहे, पण तर्क चुकलेला नाही. परीक्षेत आपल्याला कळून घ्यायचं असतं की मुलाला तर्क येतो का. १२,९०० या खोट्या आधारविधानापासून ७६ हा दर काढणं म्हणजे रोहूला नीट उडवणं. त्याला पुन्हा पुन्हा शिक्षा करणं म्हणजे एकाच गुन्ह्याबद्दल पाच वेळा दंड करणं. म्हणून पहिला नियम : एका चुकीला दंड एकदाच, आणि पुढच्या पायऱ्या विद्यार्थ्याच्या स्वतःच्या आकड्यावरून तपासायच्या. केंब्रिजच्या शालेय अकाउंटिंग परीक्षांच्या गुणयोजनांत अशा पायरीपुढे इंग्रजीत फक्त दोन अक्षरं असतात, ओ आणि एफ, म्हणजे ओन फिगर. आपणही त्याला 'स्वतःचा आकडा' म्हणू.

इथवर बहुतेक शिक्षकांना मान्य असतं. अडचण पुढे आहे. हा नियम नुसता वरवर लावला तर उत्तरसूची फसते, आणि ती कशी फसते ते आम्ही स्वतः बनवलेल्या पहिल्या सूचीवरच दाखवतो.

आमची पहिली सूची अशी होती. डेबिट बाजूच्या नोंदींना २ गुण. नॉर्मल लॉसला १. ॲबनॉर्मल लॉसचे ४० किलो काढण्याला १. दराच्या अंशाला, म्हणजे ६७,५०० ला १ आणि छेदाला, म्हणजे ९०० ला १. ॲबनॉर्मल लॉसच्या किमतीला १, चांगल्या मालाच्या किमतीला १. ॲबनॉर्मल लॉस अकाउंटचे २, भंगाराला एक आणि नफा-तोट्याला एक. एकूण दहा. दिसायला नीटनेटकी आहे, नाही का?

मग आम्ही एक गोष्ट केली, ती आम्ही सगळ्यांना सुचवतो. सूची हातात घेऊन मुलांच्या उत्तरपत्रिकांची वाट न बघता, आपणच चार-पाच खोट्या उत्तरपत्रिका लिहायच्या. प्रत्येकीत एकच चूक, पण मुलं खरोखर करतात अशी. कोणती चूक करतात हे शिकवणाऱ्यांना पाठ असतं.

पहिली खोटी उत्तरपत्रिका एका अशा मुलीची, जिला नॉर्मल लॉस समजलेलाच नाही. तिने सगळं नीट केलं, पण भागताना ९०० ऐवजी १,००० ने भागलं, सगळा घातलेला माल. दर आला ६७.५०. त्यावरून ॲबनॉर्मल लॉस २,७००, चांगला माल ५८,०५०, नफा-तोट्याला २,५००. आता सूचीप्रमाणे मोजा. डेबिट २, नॉर्मल लॉस १, किलो १, अंश १, छेद शून्य, आणि पुढचे चारही गुण स्वतःच्या आकड्यावरून मिळाले. दहापैकी ९! ज्या एका फरकासाठी हा प्रश्न विचारला, तोच तिला कळलेला नाही आणि तरी ९. तिकडे शून्याला शेपूट लावणाऱ्या त्या मुलालाही ९. इथे नियम बरोबर होता, पण वजनं चुकली होती.

म्हणून दुसऱ्या सूचीत आम्ही डेबिट बाजूचा एक गुण कमी केला. प्रश्नपत्रिकेतले ४०,००० आणि १६,००० उत्तरपत्रिकेत उतरवणं ही नक्कल आहे, तिला गुण कशाला? ओव्हरहेड्स काढून एकूण ६८,००० आणण्याला फक्त १. आणि वाचलेला गुण छेदाला दिला, म्हणजे ९०० ला २. काही जण म्हणतात की सुरुवातीच्या सोप्या गुणांनी मुलाला धीर येतो. येत असेल. पण नापास होण्याच्या सीमेवरचा मुलगा नुसती नक्कल करून वर यावा की समजून वर यावा, हे ठरवण्याची जागा सूचीतच असते. आम्ही नकलेला गुण देण्याच्या विरुद्ध आहोत.

नव्या सूचीत त्या मुलीला ८ मिळतात. मनाला अजूनही थोडे जास्त वाटतात. पण तिला बाकीचं खरंच येतं, हेही खरं आहे. ८ च्या खाली तिला न्यायचं असेल तर प्रश्नच वेगळा विचारावा लागेल.

दुसरी खोटी उत्तरपत्रिका जास्त शिकवणारी आहे. हाच मुलगा समजा, १,००० ने भागणारा. तो खात्याची बेरीज करतो : ५०० अधिक २,७०० अधिक ५८,०५०, म्हणजे ६१,२५०. पण डेबिटला तर ६८,००० आहेत. ६,७५० चा फरक. घड्याळात पाच मिनिटं राहिलेली. मग तो ५८,०५० खोडतो आणि तिथे ६४,८०० लिहितो. बॅलन्सिंग फिगर. खातं टॅली झालं, दोन्ही बाजूंना ६८,०००, खाली दुहेरी रेघ. ८६० गुणिले ६७.५० म्हणजे ६४,८०० होत नाहीत, हे कुणी गुणून बघितलं तरच कळणार.

आता न्याय काय? पहिल्या मुलीचं खातं जुळलं नाही, पण तिने ५८,०५० तसेच ठेवले. तिचा गुणाकार तिच्या दराशी प्रामाणिक आहे, म्हणून चांगल्या मालाचा १ गुण तिचा. दुसऱ्याने आकडा कोंबला आहे. त्याच्या दरापासून तो निघत नाही, म्हणून त्या पायरीला शून्य. तिला ८, त्याला ७. घाईत तपासणारा परीक्षक मात्र नेमकं उलटं करतो. जुळलेलं खातं दिसलं की डोळे निवतात, न जुळलेलं दिसलं की हात आखडतो. म्हणून आमच्या सूचीत एक ओळ ठळक आहे : खातं जुळण्याला वेगळा गुण नाही, आणि चांगल्या मालाची किंमत विद्यार्थ्याच्या दराने गुणून पाहायची.

त्यातही एक गंमत बघा. न जुळणारे ६,७५० म्हणजे १०० गुणिले ६७.५०. नॉर्मल लॉसच्या १०० किलोंचा भार त्या दराने कुणीच उचलला नाही, तो तेवढा हवेत राहिला. हुशार मुलीने हा फरक बघून विचार केला असता तर तिला चूक सापडली असती. खातं न जुळणं हाच तिला मिळालेला इशारा होता, आणि कोंबणाऱ्याने तोच पुसून टाकला.

तिसरी उत्तरपत्रिका भंगार विसरलेल्या मुलाची. त्याने नॉर्मल लॉसच्या १०० किलोपुढे रकमेच्या रकान्यात आडवी रेघ मारली, आणि ६८,००० ला ९०० ने भागलं. दर ७५.५६. ॲबनॉर्मल लॉस ३,०२२, चांगला माल ६४,९७८, दोन्ही मिळून ६८,०००. खातं जुळलं! आणि हे कोंबलेलं नाही, आपोआप जुळलं आहे. म्हणजे चूक असूनही प्रामाणिकपणे जुळू शकतं, आणि प्रामाणिक असूनही न जुळू शकतं.

पण आमच्या सूचीतली दुसरी भगदाड इथे उघडी पडली. नॉर्मल लॉसचा १ गुण आम्ही '१०० किलो व ५०० रुपये' याला दिला होता. त्यामुळे भंगार विसरण्याची एकच चूक दोनदा कापली जात होती, एकदा नॉर्मल लॉसच्या नोंदीत आणि एकदा दराच्या अंशात. बाहेरून ही दोन वेगळी ठिकाणं दिसतात, पण मुलाच्या डोक्यात विसर एकच पडला आहे. म्हणून आम्ही नॉर्मल लॉसचा गुण फक्त १०० किलोला ठेवला आणि भंगाराचे ५०० केवळ अंशातच मोजले. सूची वाचताना प्रत्येक ओळीपुढे विचारायचं : ही ओळ चुकली तर वरची कुठली ओळ आपोआप चुकलेली असते? उत्तर मिळालं तर त्या दोन ओळी एकच गोष्ट दोनदा विकत घेत आहेत.

या मुलाला एकूण ९ मिळतील, जर त्याने ॲबनॉर्मल लॉस अकाउंटमध्ये भंगाराचे २०० दाखवले तर. तिथेही विसरला तर तो गुण जातो, कारण ते वेगळं खातं आहे आणि ती पायरी त्याने केलीच नाही. नफा-तोट्याला मग ३,०२२ जातील, आणि तो गुण स्वतःच्या आकड्यावरून त्याचाच. म्हणजे ८.

आता चौथी, जिच्यावर आमच्या टेबलाशी सर्वात लांब वाद झाला. या विद्यार्थिनीने १० टक्के हे वाचलंच नाही. घातले १,०००, निघाले ८६०, म्हणजे १४० किलो वाया, सगळे नॉर्मल. भंगार १४० गुणिले ५, म्हणजे ७००. ६८,००० उणे ७००, भागिले ८६०, दर ७८.२६. चांगला माल ६७,३००. खातं जुळलं. ॲबनॉर्मल लॉस अकाउंट नाहीच, कारण तिच्या जगात ॲबनॉर्मल लॉस झालेलाच नाही.

एका सहकाऱ्याने नियम काटेकोर लावला. तिचा नॉर्मल लॉस १४० किलो, हा तिचा स्वतःचा आकडा. मग ७०० वजा करणं हे त्या आकड्याशी सुसंगत, म्हणून अंशाचा १. छेद १,००० उणे १४०, तोही सुसंगत, म्हणून २. ओव्हरहेड्स १, चांगला माल १. एकूण ५. दुसरे म्हणाले, ज्या मुलीने प्रश्नाचा गाभाच टाळला तिला निम्मे गुण? तिला २ द्या.

आम्ही तेव्हा एक भेद मांडला, तो शेवटी मान्य झाला. स्वतःच्या आकड्याचा नियम तेव्हाच लागतो, जेव्हा चूक झाल्यावरही पुढचं काम तितकंच कठीण राहतं. शेपूटवाल्या शून्याने त्या मुलाचं काम सोपं झालं नव्हतं. ७६ काढायला त्याला तोच विचार करावा लागला जो ७५ ला लागतो. इथे मात्र चुकीने कामच सोपं झालं आहे. ८६० ने भागण्यासाठी नॉर्मल लॉस समजण्याची गरज नाही, हातात आलेल्या मालाने भागणं हे कुणीही करेल. म्हणजे ८६० हा छेद तिच्या समजेचा पुरावा ठरत नाही, तो चूक आणि बरोबर या दोन्ही रस्त्यांनी येतो. तिथे शून्य. पण ७०० वजा करणं हा पुरावा आहे. वाया गेलेला माल विकून जे येतं त्याने खर्च कमी होतो, हे तिला माहीत आहे, ते आपोआप घडत नाही. तो १ तिचा. एकूण ३.

परीक्षक अशा वेळी दयेपोटी एखादा जास्त देतात, त्याला आमची हरकत नसते, पण मग तो गुण दयेच्या नावावर लिहावा, पायरीच्या नाही.

पुरावा हा शब्द आला म्हणून आता मागे जाऊ, प्रश्न बनवण्याच्या वेळेला. प्रश्नातले आकडे निवडतानाच उत्तरसूचीचं निम्मं काम झालेलं असतं. आमच्या गणितात प्रत्येक ठरावीक चूक वेगळा दर देते. सगळ्या मालाने भागलं तर ६७.५०. भंगार विसरलं तर ७५.५६. भंगार धरलं पण प्रत्यक्ष उत्पादनाने भागलं तर ७८.४९. सगळंच नुकसान नॉर्मल धरलं तर ७८.२६. भंगार विसरून प्रत्यक्ष उत्पादनाने भागलं तर ७९.०७. दोन्ही नुकसानांचं भंगार अंशातून वजा केलं आणि ९०० ने भागलं तर ७४.७८. नुसता दर बघून तपासणाऱ्याला कळतं की मुलगा कुठून गेला. आम्ही हे सहा आकडे सूचीच्या मागच्या पानावर, प्रत्येकाच्या नावासकट छापून घेतले होते. तपासणाऱ्यांना ते पान पुढच्या पानापेक्षा जास्त उपयोगी पडलं.

हे आकडे वेगळे येतात ते आपोआप नाही. प्रत्यक्ष उत्पादन ९०० दिलं असतं तर ॲबनॉर्मल लॉस झालाच नसता आणि ९०० ने भागणारे सगळे, समजून भागणारे आणि न समजता भागणारे, एकाच उत्तराला पोहोचले असते. भंगाराचा भाव शून्य ठेवला असता तर अंशाची पायरी नाहीशी झाली असती. आकडा गोल यावा म्हणून प्रश्नकर्ते अशी तडजोड करतात. गोल आकडा यायलाच हवा, नाहीतर मुलं दशांशात अडकतात. पण ७५ हा गोल आकडा फक्त बरोबर रस्त्याने यावा.

याचा आणखी एक फायदा होतो. काही मुलं कच्चा हिशेब लिहीतच नाहीत. खात्यात थेट ॲबनॉर्मल लॉस ४० किलो, ३,००० रुपये. दर कुठून आणला, लिहिलेलं नाही. परीक्षकाला प्रश्न पडतो, अंशाचे आणि छेदाचे तीन गुण द्यायचे का? आमच्या आकड्यांत ३,००० हे ७५ शिवाय येत नाहीत आणि ७५ बरोबर अंश-छेदाशिवाय येत नाही, म्हणून द्यायचे. मात्र नुसते चांगल्या मालाचे ६४,५०० बरोबर असले आणि ३,००० कुठेच नसले, तर थांबायचं. हे सूचीत आधीच लिहून ठेवायचं, नाहीतर प्रत्येक टेबलावर वेगळा न्याय होतो. उलट, हिशेब न दाखवता चूक उत्तर लिहिलेल्याला स्वतःच्या आकड्याचा फायदा द्यायला काही मार्गच नसतो, कारण त्याचा आकडा कुठून आला हे आपल्याला माहीत नाही. मुलांना हे वर्गात सांगितलं पाहिजे. पायरी लिहिणं ही शिस्तीची बाब म्हणून सांगितलं की ती ऐकत नाहीत. चूक झाली तर पायरीच वाचवते, हे सांगितलं की ऐकतात.

थोड्या किरकोळ गोष्टी. स्वतःचा आकडा आला की दशांश येतात. ७५.५६ ने गुणणारा आणि ७५.५५५ ने गुणणारा यांच्या उत्तरात काही रुपयांचा फरक पडतो, दोन्ही मान्य. कुणी ॲबनॉर्मल लॉस अकाउंट वेगळं न करता भंगार वजा करून २,८०० थेट दाखवतो. प्रश्नात खातं मागितलं आहे, म्हणून हिशेब दिसत असेल तर दोनपैकी १. आणि 'नॉर्मल लॉस १० टक्के' एवढंच लिहून 'घातलेल्या मालाच्या' हे शब्द प्रश्नातून गळले, तर दोष मुलांचा नाही. तेव्हा सूचीतच 'वाजवी आधार मान्य' असं लिहावं लागतं, आणि गुणांची ही सगळी बांधणी ढासळते. म्हणून सूची लिहिल्यावर प्रश्न एकदा पुन्हा वाचायचा.

खोट्या उत्तरपत्रिकांनंतर खऱ्या. तपासणी सुरू होण्याआधी पंधरा-वीस उत्तरपत्रिका घ्यायच्या, दोन परीक्षकांनी त्या एकमेकांचे गुण न बघता तपासायच्या, आणि बेरीज न बघता पायरीपायरीने गुण जुळवायचे. दोघांची बेरीज ६ आणि ६ आली म्हणून खूश व्हायचं नाही. एकाने छेदाचे दिले आणि खात्याचे कापले, दुसऱ्याने उलट केलं, तरी बेरीज सारखीच येते. फरक ज्या पायरीवर पडेल तिथे सूचीत शब्द कमी आहेत असं समजायचं. आमच्या वेळी पहिल्या फेरीत नेमका असा एक रस्ता निघाला जो आमच्या कुणाच्या डोक्यात नव्हता. एका मुलाने ॲबनॉर्मल लॉसची किंमत ३,००० बरोबर काढली, पण खात्यात त्यातून भंगाराचे २०० आधीच वजा करून २,८०० लिहिले, आणि तेवढ्यासाठी चांगला माल ६४,७०० कोंबला. आम्ही ती जागा नोंदवली : किमतीचा १, चांगल्या मालाला शून्य, नफा-तोट्याचा १.

त्या दिवशी संध्याकाळी सूची बंद केली. त्यानंतर कुणालाही नवा रस्ता सापडला तर तो प्रमुख परीक्षकांकडे यायचा, ते ठरवणार, आणि तोवर तपासून झालेल्या उत्तरपत्रिकांत तोच रस्ता आहे का हे पुन्हा बघायचं. दोनदा असं झालं. दुसऱ्यांदा गठ्ठे उघडावे लागले तेव्हा टेबलावर नाराजी होती, तरी ते उघडले.

पुढच्या वेळी हेच गणित प्रत्यक्ष उत्पादन ९२० किलो ठेवून घेऊ. २० किलो जास्तच निघाले, म्हणजे ॲबनॉर्मल गेन. तिथे भंगाराचे शंभर रुपये उलट्या बाजूला जातात आणि आजची सूची अर्धी तरी मोडते. घरी करून बघा, कुठे मोडते ते.